उणे एक प्रकाशाचा तारा

माझं मराठी कॉन्व्हेंटछाप आहे, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ पोटात घाला. गोष्ट एका उत्तराची आहे, ज्याने माझ्या दोन रात्री खाल्ल्या.

नाशिकहून पुण्याला जाताना नारायणगाव लागतं. तिथून आत खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश. ही दुर्बीण कॅमेऱ्यासारखा फोटो काढत नाही. दोन-दोन डिशचे सिग्नल ती जुळवून बघते, आणि अशा जोड्या होतात ४३५.

याच ४३५ आकड्यांतून दोन अगदी उलट गणितं निघतात. पहिलं कॅलिब्रेशनचं: माहीत असलेल्या एका तेजस्वी स्रोताकडे बघून प्रत्येक डिशची फेज किती चुकते ते काढायचं. एक डिश संदर्भाला धरली तर अज्ञात फक्त २९, समीकरणं ४३५. सगळी एकदम पटणं शक्यच नाही, कारण नॉइज असतो. म्हणून चुकांच्या वर्गांची बेरीज कमीत कमी करायची. हे आपलं एम-थ्रीमधलं ओळखीचं लीस्ट स्क्वेअर्स.

दुसरं गणित चित्राचं. हजार गुणिले हजारचं चित्र म्हणजे दहा लाख अज्ञात, आणि एका क्षणी हातात त्याच ४३५ जोड्या. इथे समीकरणं सगळी पटतात, आणि पटवणारी उत्तरंही अनंत असतात. भांडण चुकीचं नसून निवडीचं आहे.

सेमिनारसाठी मी याचं खेळण्याएवढं मॉडेल केलं. आकाशात फक्त तीन पिक्सेल: x, y, z. तारा पहिल्यात, म्हणजे खरं उत्तर (६, ०, ०). मापं दोनच: x + y + z = ६ आणि x − z = ६. ऑक्टेव्हमध्ये टाकलं:

```
A = [1 1 1; 1 0 -1];
b = [6; 6];
inv(A'*A)*A'*b
pinv(A)*b
```

तिसऱ्या ओळीला `warning: matrix singular to machine precision` आलं. येणारच! `A'*A` ही तीन बाय तीन असली तरी तिच्यात माहिती दोनच ओळींची आहे, म्हणून तिचा इन्व्हर्स नाही. सूडोइन्व्हर्स अशा वेळी उलट बाजूने जातो: Aᵀ(AAᵀ)⁻¹b. इथे AAᵀ दोन बाय दोन, कर्णावर ३ आणि २, बाकी शून्य. त्यामुळे (AAᵀ)⁻¹b होतो (२, ३), आणि Aᵀने गुणल्यावर उत्तर (५, २, −१).

उणे एक? प्रकाश उणे कसा असेल? दोन रात्री मी बग शोधत बसले. रूममेट म्हणाली, "अगं, आधी ताळा तर करून बघ!" केला. ५ + २ − १ = ६. ५ + १ = ६. चूक शून्य. शिवाय वर्गांची बेरीज ३०, खऱ्या आकाशाची ३६. म्हणजे यंत्राने सांगितलेलं काम चोख केलं होतं: सगळ्या बरोबर उत्तरांतलं सर्वांत लहान दिलं. तारे खरे कसे असतात, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

(१, −२, १) घ्या. दोन्ही मापांत तो शून्य देतो. दुर्बिणीला तो दिसतच नाही. हाच नल स्पेस. मिनिमम नॉर्म उत्तरात या न दिसणाऱ्या दिशेचा अंश शून्य असतो. मोजलं नाही ते शून्य, असा सरळ हिशेब. रेडिओ खगोलात याला 'प्रिन्सिपल सोल्यूशन' म्हणतात (ब्रेसवेल आणि रॉबर्ट्स, १९५४). कच्च्या चित्रात ताऱ्याभोवती जी खोटी उणी-अधिक वलयं दिसतात, ती ढोबळमानाने याचीच.

आता आपण उत्तरात t पट (१, −२, १) मिळवू: (५ + t, २ − २t, −१ + t). प्रकाश उणा नको, एवढीच अट घाला. मधल्या पिक्सेलमुळे t एकपेक्षा जास्त चालत नाही, शेवटच्यामुळे कमी चालत नाही. t = १, उत्तर (६, ०, ०). तारा सापडला! ह्योगबोमची १९७४ची 'क्लीन' पद्धत अशीच बाहेरची माहिती आत आणते. तिची अट मात्र वेगळी, आकाश म्हणजे थोडेसे ठिपके आणि बाकी अंधार.

पण फार खूश होऊ नका, मी झाले होते. तारा मधल्या पिक्सेलमध्ये ठेवला तर मापं येतात ६ आणि ०, आणि सूडोइन्व्हर्स देतो (२, २, २). सगळीकडे सारखा उजेड, उणं काहीच नाही, दिसायला एकदम शहाणं उत्तर. आता प्रकाश उणा नको ही अट लावली तरी (०, ६, ०) चालतं आणि (३, ०, ३)ही चालतं. एक तारा की दोन, हे या दोन मापांतून ठरत नाही म्हणजे नाहीच.

त्याला तिसरं मापच लागतं, आणि तेही न दिसणाऱ्या दिशेचं: x − २y + z. ते −१२ आलं तर मध्ये एक तारा, ६ आलं तर कडेला दोन, आणि ० आलं तर तो सारखा उजेड खरा. खोडदला यासाठी नवी डिश उभारावी लागत नाही. पृथ्वी फिरते तशी ताऱ्याकडून बघितल्यावर डिशच्या जोडीमधलं अंतर आणि दिशा बदलत जाते, म्हणून तीच जोडी तासाभराने वेगळं माप देते. तासन्‌तास एकाच जागी रोखून बसतात ते त्यासाठी.