मिनिटाला १३४ कोटी पिक्सेल

जुलै २०२२मध्ये अतिवृष्टीनं हिंगोली जिल्ह्यातल्या कुरुंद्यात पुराचं पाणी शिरलं. अशा दिवशी सरकारी यंत्रणा पोचेपर्यंतचं चित्रण फक्त गच्चीवर उभ्या माणसांच्या फोनमध्ये असतं. पाऊस अंगावर, हात ओला, खाली पाणी, व्हिडिओ हलणारच. मग तो बघण्याजोगा करायला कुणीतरी स्टॅबिलायझेशनचं बटण दाबतं. त्या बटणामागचा हिशेब थक्क करणारा आहे.

सॉफ्टवेअर प्रत्येक फ्रेम हात गेला त्याच दिशेनं सरकवतं, कारण हात हलला की चित्र उलट दिशेला जातं. हात खाली गेला की फ्रेम तेवढीच खाली, हात डावीकडे वळला की फ्रेम डावीकडे. पण फ्रेम सरकली की एका बाजूला काळी पट्टी उघडी पडते. ती झाकायला चारही काठ कापतात आणि उरलेलं चित्र ताणून पुन्हा मूळ आकाराचं करतात.

समजा चित्रण १९२० बाय १०८० चं आहे. एका फ्रेममध्ये २०,७३,६०० पिक्सेल. प्रत्येक काठाचा दहावा हिस्सा कापला, तर ऐकायला ते किरकोळ वाटतं. पण रुंदी उरते १५३६, उंची ८६४, आणि पिक्सेल उरतात १३,२७,१०४. म्हणजे ३६ टक्के चित्र गेलं. सेकंदाला ३० फ्रेम धरल्या तर दर सेकंदाला २ कोटी २४ लाख पिक्सेल टाकून दिले जातात आणि एका मिनिटात १३४ कोटींच्या वर. २०११च्या जनगणनेत भारताची लोकसंख्या १२१ कोटी होती. एवढं होऊनही फाइलवर १०८०च लिहिलेलं राहतं, कारण गेलेल्या पिक्सेलांच्या जागी शेजाऱ्यांवरून अंदाजानं काढलेले नवे भरलेले असतात.

एवढं देऊन मिळतं काय? फोनचं भिंग ६४ अंश रुंद पाहतं असं धरू. तेव्हा फ्रेमच्या मध्यावर एक अंश म्हणजे साधारण २७ पिक्सेल. वरचा काठ १०८ पिक्सेलांचा, म्हणून वर-खाली हाताला चारच अंशांची मुभा. आडव्या दिशेला सात अंशांची. पाय घसरून फोन क्षणभर दहा अंश खाली झुकला तर हा काठ पुरत नाही. आणि इथेच मोठा घोटाळा होतो. अनेक प्रोग्रॅम संपूर्ण तुकड्यासाठी एकच झूम ठरवतात; ffmpeg मधल्या vidstabtransform फिल्टरचं मूळ सेटिंग, optzoom=1, असंच आहे. मोठ्या हिसक्यांमुळे तो झूम वाढला की बाकीचं शांत चित्रणही तितकंच कापलं जातं. म्हणून हिसक्याच्या जागी तुकडा तोडावा आणि दोन्ही भाग वेगवेगळे स्थिर करावेत.

आता गच्चीवरून ५० मीटरवरच्या भिंतीकडे बघा. मूळ फ्रेममध्ये गल्लीची साडेबासष्ट मीटर रुंदी मावते, कापल्यावर पन्नास. दोन्ही बाजूंना सहा-सहा मीटर, म्हणजे एकेक घर, चित्रातून नाहीसं होतं. भिंतीवर पाण्याची १० सेंटीमीटर उंची तीन पिक्सेलांत बसते. ताणल्यावर ती जवळपास चार पिक्सेलांत दिसते, पण माहिती तीनांचीच. पाणी किती चढलं हे मोजणाऱ्यानं मोठ्या दिसणाऱ्या चित्रावर विसंबू नये.

धूसरपणाही तसाच राहतो. ढगाळ उजेडात शटर सेकंदाच्या तिसाव्या भागापर्यंत उघडं राहिलं आणि हात सेकंदाला ३० अंश वळत असला, तर त्या एका फ्रेममध्येच २७ पिक्सेलांची रेघ ओढली जाते. स्थिर केल्यावर चित्र जागचं हलत नाही, पण मधूनच एखादी फ्रेम मळकट होते. अशी उघडझाप दिसली की चूक सॉफ्टवेअरची नाही, शटरची आहे.

पुराच्या चित्रणात आणखी एक फसवणूक घडते, ती फारशी कुणाच्या लक्षात येत नाही. फक्त चित्र पाहून हालचाल मोजणारं सॉफ्टवेअर फ्रेममध्ये जे जास्त पसरलं आहे त्यालाच स्थिर जमीन समजतं. फ्रेमभर वाहतं पाणी असलं तर पाणी थांबतं आणि घरं वाहू लागतात! विजेचा खांब हळूहळू एका बाजूला सरकताना दिसला की हेच झालं आहे असं समजावं. जायरोस्कोपवर चालणारं स्टॅबिलायझेशन यात फसत नाही, कारण ते चित्र बघतच नाही, हाताची फिरकी मोजतं.

उपाय शूटिंगच्या वेळीच करता येतो. ४के म्हणजे ३८४० बाय २१६०; त्याचा दहावा हिस्सा चारही बाजूंनी कापला तरी ३०७२ बाय १७२८ उरतं. त्याचं १०८० केलं तर पिक्सेल वाढवावे लागत नाहीत, उलट कमी करावे लागतात. काठावरची घरं मात्र ४केमध्येही जातात. म्हणून पंचनाम्याला किंवा भरपाईच्या अर्जाला हलती मूळ फाइलच जोडावी. कापलेल्या सहा मीटरांत नेमकं कुणाचं तरी घर असतं.