सेकंदाला दोन

सेनगाव तालुक्यातली एक मुलगी आपल्या आजीच्या वाकळी शिवण्यावर माहितीपट करते आहे, एवढं ऐकून मी गेले नसते. असे माहितीपट आता घरोघरी निघतात, आणि बहुतेकांत सुरकुतलेले हात, मागे बासरी आणि 'मायेची ऊब' असतेच. मी गेले ते तिच्या संहितेच्या एका पानाचा फोटो पाहून. पानाला दोन रकाने होते. डावीकडे दिसणारं चित्र, उजवीकडे त्यावर बोलायचं निवेदन. चित्र क्रमांक २१ समोर उजवा रकाना कोरा होता आणि त्यात पेन्सिलीने लिहिलं होतं, 'इथं आपण बोलायचं नाही.' शूटिंग अजून व्हायचंच होतं. न काढलेल्या चित्रावर गप्प बसायचं हिने आधीच कसं ठरवलं, हे मला बघायचं होतं.

मार्चचे दिवस होते. हिंगोली जिल्ह्यात या दिवसांत हळद शिजते. शिजलेल्या हळदीचा मातकट, किंचित कडवट वास गावात शिरतानाच लागतो आणि कपड्यांना धरून राहतो. अंगणात हळद वाळत होती, म्हणून आजी ओसरीत बसून शिवत होत्या. वाकळी शिवायचा हंगामही हाच, सुगी उरकल्यापासून पाऊस पडेपर्यंतचा. जागेसाठी हळद आणि वाकळ दरवर्षी भांडतात. नातीच्या यादीत पहिलं चित्र 'अंगण, पसरलेली लुगडी, वरून' असं होतं. ते तिने खोडून 'ओसरी' केलं, आणि निवेदनातला अंगणाचा उल्लेखही काढला. चित्र बदललं की ओळ बदलते, हे तिच्या अंगवळणी पडलेलं दिसलं.

तिचा सगळा कारभार एका आकड्यावर चालतो. नांदेडच्या एका ध्वनिमुद्रकाने तिला सांगितलं होतं, 'मराठी निवेदन सेकंदाला दोन शब्द धर. जास्त भरलंस तर ऐकणाऱ्याला बघता येणार नाही.' हा आकडा ती दिवसातून कितीदा तरी म्हणते. सेकंदाला दोन. चित्र सहा सेकंदांचं असेल तर शब्द बारा, तेही काठोकाठ भरले तर. माहितीपट ११ मिनिटांचा ठरला आहे, म्हणजे सलग बोलत राहिलं तर १,३२० शब्द बसतात. तिने ३६० घ्यायचे ठरवले, म्हणजे तीन मिनिटं. बाकी आठ मिनिटं आजींचं बोलणं, सुईचा, कापडाचा आवाज आणि कोंबड्या.

आकडा सरसकट खरा नाही, हेही तिला ठाऊक आहे. 'ही सुई' हे दोन शब्द अर्ध्या सेकंदात संपतात आणि 'लुगड्यांच्या चौपदरी थराखालून' या तिघांना दोन सेकंद पुरत नाहीत. म्हणून ती शब्द मोजून थांबत नाही. मोबाइलवर वेळ लावून प्रत्येक ओळ मोठ्याने वाचते, श्वासासकट. डोळ्यांनी वाचलेली ओळ नेहमीच लहान वाटते.

वाकळीचं काम थोडक्यात सांगते. जुनी लुगडी धुऊन, उसवून, फाटका भाग काढून एकावर एक पसरायची. धड कापड वर आणि खाली, विरलेलं मध्ये. चारी कोपऱ्यांवर वजन ठेवायचं, कडा आत दुमडायच्या, मग धावदोरा घालायचा. आजी कडेपासून सुरू करतात आणि चौकोनातून चौकोन करत मध्यापर्यंत येतात. त्या वाकळीवरच बसतात आणि टाके पुढे येतील तशा सरकतात.

आता चित्र क्रमांक ९. डाव्या रकान्यात लिहिलं होतं: 'वरून. आजीचा तळवा कापडावरून सरकतो. मग सुई. १२ सेकंद.' उजवीकडे तिचा पहिला मसुदा होता:

'आजीचे थकलेले पण प्रेमळ हात जुन्या लुगड्यांवरून हळुवार फिरतात आणि प्रत्येक टाक्यात ती आपल्या आयुष्यातल्या आठवणी, सुखदुःखं आणि पिढ्यान्‌पिढ्यांची माया जणू काळजीपूर्वक गुंफत जाते.'

मोजून पाहा, चोवीस शब्द आहेत. बारा सेकंदांना चोवीस, हिशेब अगदी चोख. मला ही ओळ आवडली नाही, पण मी काही म्हणायच्या आत तिने ती आजींना वाचून दाखवली. आजींची सुई थांबली नाही. त्या म्हणाल्या, 'आठवनी कशाला? झोळ काढून राह्यले म्या.'

मग त्यांनी दाखवलं. टाके कडेकडून आत येतात तेव्हा प्रत्येक फेरीबरोबर कापडाचा सैलपणा थोडा थोडा आत ढकलला जातो. वरचं कापड आणि खालचं कापड सारखं ताणलेलं नसतं. एक लुगडं जास्त विरलेलं, एक कमी. फेरी संपली की तळव्याने तो सैलपणा उलट बाजूला सारून वाटून टाकायचा. तसं केलं नाही तर सगळा सैलपणा शेवटी मधोमध गोळा होतो आणि तिथे फुगा धरतो. मग एकच उपाय, उसवणं. वाकळ बिघडते आहे हे कसं ओळखायचं, हे विचारलं तर त्यांनी माझा हात धरून कापडावर ठेवला. टाके झालेल्या पट्टीच्या आतल्या बाजूला कापडाची बारीक लाट बोटाला लागली. डोळ्यांना ती दिसत नव्हती.

या लाटेमुळे मी तिथे थांबले. तळवा फिरताना कॅमेऱ्याला दिसतो, पण तो का फिरतो हे कॅमेऱ्याला दिसत नाही. पाहणाऱ्याला ती माया वाटते, कारण बाईच्या हाताकडे तशाच नजरेने बघायची आपल्याला सवय आहे. खरं तर ती तपासणी असते. प्रेमळ हात म्हणणाऱ्या निवेदनाने आजींचं कसब पुसून टाकलं असतं, आणि तेही कौतुकाच्या सुरात.

नातीने ओळ पुन्हा लिहिली:

'टाके कडेकडून आत येतात, सैल कापड पुढे ढकलतात. तळव्याने ते सारलं नाही, तर मधोमध झोळ पडतो.'

सोळा शब्द, आठ सेकंद. उरलेल्या चार सेकंदांपैकी दोन तिने ओळीच्या आधी ठेवले आणि दोन नंतर. आधी तळवा दिसावा, कापडावरून त्याचा सरकण्याचा आवाज यावा, पाहणाऱ्याने 'हे काय चाललंय' असं मनात म्हणावं, आणि मग उत्तर यावं. शब्द चित्राच्या आधी आला तर चित्र नुसतं साक्षीला उभं राहतं.

पण या ओळीने नवं काम काढलं. 'झोळ' हा शब्द ऐकू येईल तेव्हा पडद्यावर झोळ कुठे आहे? आजींच्या वाकळीत तो नसतोच. शहरातल्या प्रेक्षकाला झोळ म्हणजे काय ते कळणार नाही. म्हणून तिने यादीत ९-अ असं चित्र वाढवलं: 'बिघडलेली वाकळ. मधला फुगा. बाजूने, तिरप्या उन्हात. ४ सेकंद.' बाजूने आणि तिरप्या उन्हात, कारण वरून घेतलं तर फुगा सपाटच दिसतो. ओळीतला शेवटचा तुकडा तिने या चित्रावर टाकला आणि कुठे चित्र बदलेल तिथे उभी रेघ मारली. ठरलेल्या चित्रांवर निवेदन लिहिण्याचा फायदा हाच आहे. शूटिंग उरकल्यावर ही ओळ सुचली असती तर फुगा आणायचा कुठून?

ओळीला चित्र नाही, ही अडचण जुनी आहे. १९३६ च्या 'नाइट मेल' या ब्रिटिश टपालगाडीवरच्या माहितीपटासाठी डब्ल्यू. एच. ऑडेन या कवीने चित्रांच्या वेळेशी जुळवून कविता लिहिली, तेव्हा त्याच्याही काही ओळी चित्राशी जमेनात म्हणून टाकून दिल्या गेल्या. आपल्याकडे १९४८ मध्ये फिल्म्स डिव्हिजन सुरू झालं आणि सिनेमाआधी दाखवलेल्या त्याच्या माहितीपटांतून तो भारदस्त, सर्व काही जाणणारा आवाज पिढ्यांच्या कानात बसला. गावातल्या पोरांनाही निवेदन म्हटलं की तोच सूर आठवतो. नातीच्या पहिल्या मसुद्यात तो होता.

मी तिला विचारलं, सगळं आजींच्याच तोंडून का नाही? तिने तसं करून पाहिलं होतं. आजी समोरच्या माणसाशी बोलतात, आणि समोरच्याला दिसतंय ते कशाला सांगायचं? त्या म्हणतात, 'हे असं धरायचं, मग असं.' ओसरीत बसलेल्याला पुरतं. पडद्यापुढे बसलेल्याला तो 'असं' बोटाला लागत नाही. निवेदनाने फक्त तेवढी जागा भरायची, असं तिचं मत आहे. मला ते पटतं.

तिने आणखी एक चित्र काढून टाकलं. चित्र १८: 'आजी आजोबांचं धोतर हातात घेते. डोळ्यांत पाणी.' एका जाणत्या माणसाने ते सुचवलं होतं. यादीत पाणी लिहिलं की शूटिंगच्या दिवशी ते येईपर्यंत वाट बघावी लागते, नाहीतर आणावं लागतं. तिने 'धोतराची पट्टी मधल्या थरात जाते' एवढंच ठेवलं. आजींना विचारलं तर धोतर मध्ये का, याचं कारण साधं निघालं. ते मऊ असतं आणि लवकर विरतं, म्हणून वर चालत नाही.

आणि ते कोरं २१? वाकळ मध्यापर्यंत शिवून आली की शेवटची फट मिटवण्याआधी आजी तिच्यात भाकरीचा तुकडा आणि गुळाचा खडा ठेवतात. 'तिचंबी पोट भराव लागतं,' असं त्या दरवेळी म्हणतात. त्यावर निवेदनाला बोलायचं कारण नाही. पण माणूस कॅमेऱ्यापुढे दरवेळचं बोलेलच असं नाही. म्हणून पानामागे एक राखीव ओळ आहे, आजी बोलल्या नाहीत तरच वापरायची: 'रिकाम्या पोटी वाकळ मिटवायची नसते, असं आजी म्हणते.' आठ शब्द, चार सेकंद. सेकंदाला दोन.

शूटिंगची तारीख अजून ठरायची आहे. त्याआधीचं पहिलं काम तिने यादीच्या माथ्यावर लिहून ठेवलं आहे. लहानपणी तिने स्वतः शिवलेली, मधोमध फुगलेली वाकळ कळमनुरीला मावशीकडे आहे. ती आणायची, आणि मावशीला निरोप द्यायचा की उसवून सरळ करू नको.