पुस्तक एक, प्रती चार

सॉफ्टवेअरच्या मुलाखतींत एक फेरी अशी असते की तिच्यात कोड लिहायचा नसतो. उमेदवाराच्या हाती मार्कर द्यायचा आणि म्हणायचं, ‘एका वाचनालयाचा डेटाबेस मांडून दाखवा.’ याला स्कीमा डिझाइनची फेरी म्हणतात. माहितीची टेबलं कोणती, प्रत्येकात रकाने कोणते आणि एक टेबल दुसऱ्याशी कशाने जोडलेलं, हा आराखडा म्हणजे स्कीमा. अशा फेऱ्यांमध्ये प्रश्न विचारणाऱ्यांच्या बाजूला मी बरीच वर्षं बसतो आहे. वाचनालयाचा प्रश्न मला आवडतो, कारण वाचनालय आपल्याला चांगलं ठाऊक आहे असं प्रत्येकालाच वाटतं.

बरेच जण आधी देवघेवीची वहीच फळ्यावर उतरवतात: दाखल क्रमांक, पुस्तकाचं नाव, लेखक, सभासदाचं नाव, त्याचा फोन, दिल्याची तारीख, परत आल्याची तारीख. वहीत हे चालतं, कारण राहिलेलं ग्रंथपालबाईंच्या डोक्यात असतं. यंत्राला तसं डोकं नाही. ‘श्यामची आई’ तीनदा दिलं गेलं आणि लेखकाच्या रकान्यात एकदा ‘साने गुरुजी’, एकदा ‘पां. स. साने’ आणि एकदा ‘पांडुरंग सदाशिव साने’ असं पडलं, तर यंत्राच्या लेखी ते तीन लेखक. सभासदाचा फोन बदलला की त्याच्या नावाच्या अठरा ओळी बदलायच्या. सतरा बदलल्या आणि एक राहिली, तर खरा नंबर कोणता? कालच आलेलं पुस्तक अजून कोणी नेलं नसेल, तर त्याला या टेबलात जागाच नाही. आणि जुन्या नोंदी साफ करताना एखाद्या सभासदाची एकुलती एक ओळ गेली, तर सभासदही गेला.

या दुखण्यावरचा उपाय आयबीएममधल्या एडगर कॉड यांनी सुचवला. टेबलांची कल्पना त्यांनी 1970 मध्ये मांडली आणि ती स्वच्छ ठेवण्याच्या पायऱ्या त्या सुमारासच बांधून दिल्या. या पायऱ्या चढण्याला नॉर्मलायझेशन म्हणतात. पायऱ्यांची नावं घडाघडा म्हणणारे उमेदवार पुष्कळ येतात, पण मला त्यात फारसा रस नसतो. मी प्रत्येक रकान्यावर बोट ठेवून विचारतो, ‘हा कोणाबद्दल सांगतो?’ फोन सभासदाबद्दल सांगतो, देवघेवीबद्दल नाही. म्हणजे तो सभासदांच्या टेबलात गेला पाहिजे. देवघेवीत सभासदाचा फक्त क्रमांक राहील. प्रकाशकाचं गाव प्रकाशकाबद्दल सांगतं, पुस्तकाबद्दल नाही. एवढं केलं की वहीची चार-पाच टेबलं आपोआप होतात.

खरी गोम पुढे आहे. फळ्यावर आता `book` नावाचं टेबल असतं. मी विचारतो, ‘श्यामची आईच्या चार प्रती आहेत. या टेबलात ओळी किती?’ इथे निम्मे लोक थबकतात. एकच ओळ ठेवली, तर कोणती प्रत कोणाकडे आहे ते कळत नाही. चार ठेवल्या, तर नाव आणि लेखक चारदा लिहावे लागतात, म्हणजे पुन्हा वहीच. पुस्तक आणि प्रत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वाचनालयांनी हे कधीच ओळखलंय. दाखल क्रमांक पडतो तो प्रतीवर. सभासद राखून ठेवायला सांगतो ते पुस्तक, कोणतीही प्रत चालते त्याला. घरी नेतो ती मात्र 4127 क्रमांकाची, पान फाटलेली, एकच प्रत. म्हणून मागणीचं टेबल पुस्तकाला जोडायचं आणि देवघेवीचं प्रतीला. साने गुरुजी 1950 मध्ये गेले. स्वामित्वहक्काची मुदत संपल्यापासून हे पुस्तक अनेक प्रकाशक काढतात, तेव्हा मधे ‘आवृत्ती’ असा आणखी एक थर हवा का, हेही विचारावं लागतं. (ग्रंथपालांच्या जागतिक संघटनेने 1998 मध्येच असे चार थर नावांसकट सांगून ठेवलेत. आपण संगणकवाले ते उशिरा वाचतो.)

इथेच कोणीतरी आयएसबीएनला पुस्तकाची ओळख करून टाकतो. जुन्या मराठी पुस्तकांवर तो नसतोच. शिवाय तो आवृत्तीगणिक बदलतो. तो साधा रकाना म्हणून ठेवावा, रिकामा राहिला तरी चालेल असा. ओळखीसाठी आपला स्वतःचा क्रमांक बरा.

देवघेवीच्या टेबलात एक बारीक गोष्ट राहून जाते. एक प्रत एका वेळी एकाच माणसाकडे असू शकते, हा नियम टेबलानेच पाळायला हवा. दोन काउंटरांवर एकाच क्षणी बटण दाबलं जातं, तेव्हा कोडमधली तपासणी फसू शकते. पोस्टग्रेसमध्ये हे एवढ्यात होतं:

```sql
CREATE UNIQUE INDEX one_open_loan
ON loan (copy_id)
WHERE returned_on IS NULL;
```

परत न आलेली अशी एकाच प्रतीची दुसरी नोंद डेटाबेस आत घेणारच नाही.

मग मी उलट बाजूने विचारतो: ‘आता यातलं काय मुद्दाम पुन्हा दोनदा लिहाल?’ याला डीनॉर्मलायझेशन म्हणतात. पुष्कळ जण परतीच्या मुदतीची तारीख पुढे करतात. दिल्याची तारीख आणि पंधरा दिवस, एवढ्यावरून ती काढता येते, मग साठवली म्हणजे दुबार झाली, असा त्यांचा हिशोब. मला तो पटत नाही. उद्या वाचनालयाने मुदत दहा दिवसांची केली, तर गेल्या आठवड्यात पुस्तक नेलेल्या माणसाची तारीख मागे यायला नको. त्याच्या चिठ्ठीवर छापलेली तारीख हे त्या दिवशीचं सत्य आहे. ती देवघेवीबद्दलच सांगते, म्हणून तिथेच राहावी.

खरं डीनॉर्मलायझेशन म्हणजे पुस्तकाच्या ओळीत ‘शिल्लक प्रती’ असा आकडा ठेवणं. तो प्रती आणि देवघेव यांवरून मोजता येतो, तरी शोधाच्या पानावर दर वेळी मोजायला नको म्हणून लिहून ठेवायचा. पन्नास हजार प्रतींच्या वाचनालयाला याची गरज नाही. योग्य इंडेक्स असला तर पापणी लवायच्या आत मोजून होतं. शेकडो वाचनालयांचा एकत्र कॅटलॉग असेल, एका शोधात पानभर पुस्तकं येत असतील आणि मोजणीतच वेळ जातोय हे घड्याळ लावून दिसलं असेल, तर जरूर ठेवावा.

पण त्या आकड्याची किंमत मी एकदा मोजली आहे. एका वाचनालयाला मीच लिहून दिलेल्या प्रणालीत पुस्तक दिलं की शिल्लक एकने कमी आणि नोंद बंद झाली की एकने जास्त, असं होतं. एका सभासदाने प्रत हरवली आणि पैसे भरले. काउंटरवरच्या ताईंनी प्रतीवर ‘हरवली’ असा शेरा मारून नोंद बंद केली. बंद झाली म्हणून आकडा वाढला. पडद्यावर ‘शिल्लक 1’, कपाटात काहीच नाही. सहा महिन्यांत अशा नऊ प्रती जमल्या. सभासद कपाट धुंडाळून परत येत आणि ताईंना वाटे, कोणीतरी पुस्तक चुकीच्या जागी ठेवलंय. आकडा मोजला असता, तर हरवलेली प्रत आपोआपच वगळली गेली असती.

म्हणून ‘शिल्लक प्रती’चा रकाना फळ्यावर काढणाऱ्याला मी शेवटी एवढंच विचारतो: तो चुकला, तर कळणार कसं? जो म्हणतो, ‘रोज रात्री खरी मोजणी करून दोन्ही आकडे ताडून पाहीन आणि फरक दिसेल त्या पुस्तकांची यादी सकाळी काउंटरवर ठेवीन,’ त्याला मी पुढच्या फेरीला पाठवतो.