ट्यूबच्या मागची बारीक अक्षरं

रंगाच्या ट्यूबच्या फोटोत सगळ्यात कमी भरवशाची गोष्ट कोणती, तर रंग. खोलीतला पिवळा दिवा, कॅमेऱ्याने परस्पर केलेली दुरुस्ती आणि पाहणाऱ्याचा स्क्रीन या तिन्हींतून गेल्यावर किरमिजी रंग कधी तपकिरी दिसतो, तर कधी जांभळट. लेबलवरचा रंगीत पट्टा बऱ्याचदा छापलेला असतो, त्यामुळे आतल्या रंगाची खूण म्हणूनही त्याच्यावर विसंबता येत नाही. म्हणून कुणी जुन्या पेटीतल्या ट्यूबचा फोटो पाठवून ‘हा कोणता रंग?’ असं विचारलं, की जाणकार चित्रकार आधी ट्यूबच्या मागच्या बाजूचा फोटो मागतो.

समजा, फोटोतल्या दबलेल्या, डागाळलेल्या ट्यूबवर ‘ॲलिझरिन क्रिमझन’ असं नाव दिसतंय. तो जलरंग आहे की तैलरंग, हा पहिला प्रश्न. आकारावरून थोडा अंदाज येतो. ५ किंवा १४-१५ मिलिलिटरची छोटी ट्यूब बहुधा जलरंगाची असते, तर ३७ किंवा ४० मिलिलिटरची ट्यूब बहुधा तैलरंगाची. पण लहान तैलरंगही मिळतात, तेव्हा नुसत्या आकारावर निकाल देऊ नये. मागे ‘गम अरॅबिक’ म्हणजे बाभळीच्या जातीचा डिंक लिहिलेला असेल तर तो जलरंग. जवसाचं किंवा करडईचं तेल असेल तर तैलरंग. तेही वाचता आलं नाही, तर अमेरिकन मानकाचा क्रमांक शोधावा. ASTM D5067 हे मानक जलरंगांचं आहे आणि ASTM D4302 तैलरंगांचं.

आता खरी ओळख. बारीक अक्षरांत कुठेतरी PR83 असं छापलेलं असतं. हा ‘कलर इंडेक्स’ या आंतरराष्ट्रीय सूचीतला संकेत आहे. त्यातलं P म्हणजे पिगमेंट, R म्हणजे रेड आणि ८३ हा त्या लाल रंगद्रव्याचा सूचीतला क्रमांक. याच रीतीने PB29 म्हणजे अल्ट्रामरीन निळा आणि PW6 म्हणजे टायटॅनियम पांढरा. सुरुवातीला N असेल तर रंगद्रव्य नैसर्गिक आहे असं समजावं. उदाहरणार्थ, मंजिष्ठेच्या कुळातल्या युरोपीय वनस्पतीच्या मुळांपासून काढलेल्या मॅडरचा संकेत NR9 आहे. त्या मुळांतलं मुख्य रंगद्रव्य ॲलिझरिन १८६८ साली ग्रेबे आणि लिबरमान या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेत बनवलं. आजचं PR83 त्याच शोधातून आलेलं आहे.

फोटो धूसर असला की इथेच घोटाळा होतो. ३ आणि ८ एकसारखे दिसतात, आणि PR83 वाचलं की PR88 हे कळत नाही. दोन्ही पदार्थ अगदी वेगळे: PR88 हे थायोइंडिगो कुळातलं जांभळट लाल रंगद्रव्य आहे. बऱ्याच ट्यूबवर याच्या शेजारी पाच अंकी रासायनिक क्रमांकही छापतात, त्याची मोठी मदत होते. PR83 चा क्रमांक 58000:1 आहे आणि PR88 चा 73312. दोन्ही आकडे एकमेकांशी जुळले, तरच वाचन बरोबर समजावं.

संकेताला इतकं महत्त्व का, तर ट्यूबवरचं नाव कुणाच्याच मालकीचं नसतं. ‘पर्मनंट ॲलिझरिन क्रिमझन’ किंवा ‘ॲलिझरिन क्रिमझन ह्यू’ अशा नावांच्या ट्यूबमध्ये मुळात PR83 नसतं. वेगवेगळ्या कंपन्या तिथे PV19, PR177, PR206 अशी रंगद्रव्यं एकेकटी किंवा मिसळून वापरतात. ‘ह्यू’ शब्दाचा अर्थच असा, की छटा मूळ रंगासारखी आहे, पण द्रव्य दुसरं आहे. हा कमीपणा मानण्याचं कारण नाही. ॲलिझरिनच्या बाबतीत तर ही बदली रंगद्रव्यंच जास्त टिकाऊ असतात.

टिकाऊपणाच्या खुणा वाचताना मात्र फार सावध राहावं लागतं, कारण मोजपट्ट्या उलट्या दिशांनी जातात. अमेरिकन मानकात I सर्वोत्तम, II उत्तम आणि पुढे दर्जा घसरत जातो. ‘ब्लू वूल’ या युरोपात रुळलेल्या पट्टीवर १ म्हणजे लगेच उडणारा रंग आणि ८ म्हणजे सर्वाधिक टिकणारा. विन्सर अँड न्यूटन AA, A, B, C अशी अक्षरं वापरते, श्मिंके चांदण्या छापते आणि रेम्ब्रांट अधिक चिन्हं. त्यातच ‘सिरीज 1’ असंही ट्यूबवर असतं. तो किमतीचा गट आहे, टिकाऊपणाशी त्याचा संबंध नाही. तरी अनेक विद्यार्थी त्यालाच पहिला दर्जा समजतात. AP हे गोल चिन्ह आरोग्याच्या दृष्टीने सुरक्षित असल्याचं आहे. उन्हात रंग टिकेल की नाही, ते त्यातून कळत नाही.

खऱ्या ॲलिझरिनची, म्हणजे PR83 ची गणना याच अमेरिकन मानकात तैलरंगात III आणि जलरंगात IV अशी आहे. द्रव्य एकच असूनही दर्जा बदलतो, कारण तैलरंगाचा थर जाड असतो आणि त्यातले कण तेलात बुडालेले असतात. जलरंगाच्या पातळ वॉशमध्ये तेच कण कागदावर विरळ पसरतात आणि प्रकाश थेट त्यांच्यावर पडतो. गडद थरात बरा टिकणारा हा रंग पांढऱ्यात मिसळला किंवा पाण्याने पातळ केला की लवकर उडतो, तेही याच कारणाने.

असे रंग उडाल्यावर काय होतं, याचा पुरावा मोठ्या संग्रहालयांत टांगलेला आहे. व्हॅन गॉगने १८९० साली काढलेली गुलाबांची दोन चित्रं वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरी ऑफ आर्टमध्ये आणि न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहेत. आज त्यातली फुलं जवळजवळ पांढरी दिसतात, पण मुळात ती गुलाबी होती. त्याने वापरलेलं इओसिन जातीचं लाल रंगद्रव्य प्रकाशात टिकत नाही. ते ॲलिझरिनहून वेगळं आणि त्याहूनही कच्चं होतं.

एकच संकेत पाहून सगळं कळतं असंही नाही. PV19 या एकाच क्रमांकाखाली जांभळट आणि गुलाबी अशा वेगवेगळ्या छटा येतात. PR101 या लोहाच्या ऑक्साइडची पट्टी नारिंगी लालपासून जांभळट तपकिरीपर्यंत जाते. एका कंपनीची बर्न्ट सिएना PBr7 पासून बनते, तर दुसरीची PR101 पासून. शिवाय एखादं रंगद्रव्य बाजारातून गेलं, की कंपन्या जुन्याच नावाखाली नवं मिश्रण भरतात. म्हणून जुनी ट्यूब आजच्या रंगतक्त्याशी ताडून पाहण्यात अर्थ नाही. तिच्या काळातला तक्ता मिळाला तरच उपयोग होतो, आणि त्यासाठी फोटोत लेबलची रचना आणि कंपनीचं चिन्ह स्पष्ट यायला हवं.

मागची अक्षरं पुसून गेलेली असतील, तर फोटोवरून पुढे जाता येत नाही. मग ट्यूब हातात घेऊन चाचणी करायची. चांगल्या कागदाच्या पट्टीवर रंगाचा एक गडद आणि एक अगदी पातळ पट्टा ओढावा, दोन्हींचा अर्धा भाग ॲल्युमिनियमच्या फॉइलने झाकावा आणि पट्टी ऊन येणाऱ्या खिडकीत आतून चिकटवावी. शेजारीच PR83 असल्याची खात्री असलेल्या दुसऱ्या ट्यूबची तशीच पट्टी लावावी. काही महिन्यांनी फॉइल काढून झाकलेला आणि उघडा भाग ताडून पाहावा. ओळखीच्या पट्टीइतकाच पातळ भाग उडाला असेल, तर अनोळखी रंग रोजच्या चित्रांसाठी वापरू नये. तो स्केचबुकात, बंद पानांच्या आत वापरलेला बरा. उघडा भाग तसाच राहिला, तर नाव काहीही असो, आत PR83 नसण्याची शक्यता दाट आहे.