पत्ते पिसताना झालेली गफलत

१९९९ साली इंटरनेटवर पैसे लावून पोकर खेळवणाऱ्या ‘प्लॅनेटपोकर’ची पत्ते पिसण्याची पद्धत सगळ्यांसाठी खुली करण्यात आली. आपला खेळ सचोटीचा आहे, हे लोकांना पटावं हा त्यामागचा हेतू. पद्धत दिसायला साधी होती. पहिल्या पत्त्यापासून बावन्नाव्यापर्यंत जायचं, प्रत्येक वेळी कुठलीही एक जागा यदृच्छेने निवडायची आणि तिथल्या पत्त्याशी अदलाबदल करायची. अमेरिकेतल्या काही सुरक्षातज्ज्ञांनी ती तपासली आणि तिच्यातले दोष उघड केले.

यातला मूळ दोष तीन पत्त्यांवरही दिसतो. राजा, राणी, गुलाम या क्रमाने पत्ते ठेवा. तीन वेळा अदलाबदल करायची आणि दर वेळी तीन जागांतून एक निवडायची, म्हणजे एकूण ३ × ३ × ३ = २७ वाटा झाल्या. तीन पत्त्यांचे क्रम मात्र सहाच होतात. २७ वाटा सहा क्रमांत सारख्या वाटताच येत नाहीत. सगळ्या वाटा कागदावर मांडल्या, तर तीन क्रमांच्या वाट्याला पाच-पाच येतात आणि उरलेल्या तिघांच्या वाट्याला चार-चार. राणी सर्वांत वर येण्याच्या वाटा १० भरतात, गुलामाच्या फक्त ८. दोघांच्याही ९ असायला हव्या होत्या.

पत्ते वाढवले तरी हे दुखणं जात नाही. ५२ ला ५२ वेळा गुणून येणाऱ्या संख्येला ३ ने भाग जात नाही. बावन्न पत्त्यांच्या एकूण क्रमांच्या संख्येला मात्र जातो. मग समान वाटणी होणार कशी?

यावरचा उपाय फिशर आणि येट्स या संख्याशास्त्रज्ञांनी १९३८ मध्येच कागद-पेन्सिलीसाठी दिला होता. रिचर्ड डर्स्टनफेल्ड यांनी १९६४ मध्ये तो संगणकाजोगा केला. एकदा पक्की झालेली जागा पुन्हा हलवायची नाही, एवढंच त्याचं सूत्र. शेवटच्या जागेसाठी तिन्ही पत्त्यांतून एक निवडायचा, मधल्या जागेसाठी उरलेल्या दोघांतून. पहिली जागा आपोआप भरते. वाटा ३ × २ × १ = ६, क्रमही सहा, प्रत्येकाला नेमकी एक वाट. मात्र निवडीत त्या जागेवरचा पत्ताही धरलाच पाहिजे. तो वगळला, तर कुठलाच पत्ता मूळ जागी राहू शकत नाही आणि पक्षपात पुन्हा शिरतो.

प्लॅनेटपोकरच्या पद्धतीत आणखी एक चूक होती. यादृच्छिक निवड १ ते ५१ मधूनच व्हायची, त्यामुळे बावन्नावा पत्ता आपल्या जागी कधीच राहत नसे. शिवाय यादृच्छिक आकड्यांची सुरुवात मध्यरात्रीपासून उलटलेल्या मिलिसेकंदांवरून होई, म्हणजे दिवसाला जास्तीत जास्त ८,६४,००,००० वेगवेगळे डाव. तज्ज्ञांनी आपलं घड्याळ सर्व्हरशी जुळवून ही संख्या सुमारे दोन लाखांवर आणली. मग हातातले दोन आणि टेबलावरचे तीन पत्ते पाहून बाकी सगळ्यांचे पत्ते त्यांना ओळखता आले. पिसण्याची पद्धत निर्दोष केली असती, तरी ही दुसरी वाट उघडीच राहिली असती.