फोटोतला कॅमेरा ओळखताना

नाशिकला मावशीच्या सोसायटीत विजेचा दाब वाढून डीव्हीआर जळाला. गेटवरचे चार कॅमेरे शाबूत होते, पण ते लावणारा मुलगा गाव सोडून गेला होता आणि बिलही कुणाकडे सापडत नव्हतं. मावशीने एक फोटो पाठवला आणि विचारलं, "अरे, याला कुठला डीव्हीआर चालेल ते सांग, आजच आणायचाय."

फोटोत भिंतीवर एक पांढरा, लांबट कॅमेरा होता. अशा आकाराला बुलेट म्हणतात, घुमटासारखा असेल तर डोम. त्यावरून कॅमेरा बाहेर लावायचा की आत, एवढाच अंदाज बांधता येतो, कारण आतली यंत्रणा वेगळी असूनही बाहेरचं कवच हुबेहूब सारखं असतं. काचेभोवतीच्या कड्यावर ३.६ एमएम छापलेलं दिसत होतं. पुष्कळ लोक ही चित्राची स्पष्टता समजतात. खरं तर तो भिंगाचा आकडा आहे. तो जितका लहान, तितका जास्त रुंद परिसर कॅमेऱ्यात मावतो.

म्हणून दुसरा फोटो मागवला, वायरींच्या टोकाचा. त्यात लॅनची केबल दिसली. लॅन केबल म्हटली की नेटवर्कवर चालणारा आयपी कॅमेरा आणि त्याला एनव्हीआर, असा निष्कर्ष सहज निघतो. पण हा फोटो डीव्हीआरच्या बाजूचा होता, आणि नीट पाहिल्यावर केबलच्या टोकाला बोटाच्या पेराएवढा बलून दिसला. बीएनसी पिन आणि दोन स्क्रू असलेला हा छोटा तुकडा अॅनालॉग चित्र लॅन केबलच्या एका जोडीवरून नेतो. लांब अंतरावर थ्री प्लस वन वायरऐवजी लॅन केबल टाकली की तो लावतात. त्यामुळे कॅमेऱ्याच्या बाजूचं टोक पाहिल्याशिवाय प्रकार ठरवू नये.

तिसऱ्या फोटोसाठी वॉचमनकाका शिडीवर चढले. कॅमेऱ्याच्या शेपटीला दोनच टोकं होती, गोल फिरवून अडकवायची बीएनसी आणि १२ व्होल्टची डीसी पिन. म्हणजे कॅमेरा अॅनालॉग, त्याला डीव्हीआरच हवा. तिथे लॅनचं चौकोनी सॉकेट असतं तर आयपी. काही आयपी कॅमेऱ्यांच्या स्टिकरवर क्यूआर कोड आणि पडताळणीचा कोडही असतो. फोटो पाठवताना तो झाकावा.

काकांनी स्टिकरही टिपला होता. त्यावर हाइकव्हिजनचा हा मॉडेल नंबर होता:

```
DS-2CE16D0T-IRPF
```

या कंपनीच्या नंबरात 2CE आलं की अॅनालॉग एचडी आणि 2CD आलं की आयपी. 16 म्हणजे बुलेट. स्पष्टता सांगणारी अक्षरं D0T. त्यातलं दुसरं चिन्ह शून्य आहे, ओ नव्हे, नाहीतर शोधून काहीच सापडत नाही. D0 म्हणजे २ मेगापिक्सेल, १९२० बाय १०८०. C0 असता तर १ आणि H0 असता तर ५. शेवटचा F सांगतो की हा कॅमेरा टीव्हीआय, एएचडी, सीव्हीआय आणि जुना सीव्हीबीएस अशा चारही पद्धतींनी चित्र पाठवू शकतो.

या चार पद्धतींची पिन एकच आहे, सिग्नल मात्र वेगवेगळे. टीव्हीआयवर लावलेला कॅमेरा फक्त जुना सीव्हीबीएस ओळखणाऱ्या डीव्हीआरला जोडला तर पिन घट्ट बसते, रात्री लाल दिवेही लागतात, पण पडदा काळा राहतो किंवा नुसत्या रेघा पळतात. लोक वायर तुटली समजून ती बदलत बसतात.

मावशीला सांगितलं, चार चॅनेलचा, सगळ्या पद्धती ओळखणारा एक्सव्हीआर घे, पण खोक्यावर '१०८०पी लाइट' लिहिलं असेल तर दुकानदाराला परत दे. लाइटमध्ये चित्र सहसा ९६० बाय १०८० असं, निम्म्या रुंदीनं साठवतात. समोर बघताना ते बरं वाटतं, पण गेटवरच्या गाडीचा नंबर वाचायला गेलं की अक्षरं एकमेकांत मिसळतात.

नवा एक्सव्हीआर लागला. तीन चित्रं लख्ख आली, चौथं धूसर. कॅमेरे चारही त्याच मॉडेलचे. कॅमेरा जोडला की पडद्याच्या कोपऱ्यात काही सेकंद सिग्नलचं नाव येतं. तीन ठिकाणी १०८०पी होतं, चौथ्याला सीव्हीबीएस. आधीच्या मुलाने कधीतरी जुन्या यंत्रासाठी तो तसा लावून ठेवला असणार. कॅमेरा कुठल्या पद्धतीवर लावलाय, हे कुठल्याच फोटोत दिसत नाही. काही मॉडेलमध्ये ही निवड वायरवरच्या छोट्या बटणाने होते, काहींत डीव्हीआरच्या मेनूतून. इथे मेनूतून टीव्हीआय निवडल्यावर चित्र एकदा विझलं आणि परत आलं, तेव्हा गेटच्या खांबावरचा फ्लॅट नंबरांचा फलक वाचता येत होता.