आधी लोन की आधी एसआयपी?

इन्क्रिमेंटची पत्रं हातात पडली की ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये हमखास दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते, "आधी लोन संपव यार, रात्री शांत झोप लागेल." दुसरी म्हणते, "वेडा आहेस का? साडेआठ टक्क्यांचं लोन कशाला फेडतोस? मार्केटमध्ये बारा टक्के सुटतात!" घरी आई-बाबांचं मत पहिल्या पार्टीच्याच बाजूने असतं, कारण डोक्यावर कर्ज ठेवून झोपायची त्यांना सवयच नाही.

दोघांचंही थोडं बरोबर आहे आणि थोडं चुकतंय. कुठे, ते बघायला एक आकडेमोड करूनच टाकू.

आपला हीरो आणि त्याचे दहा हजार

समजा, हिंजवडीत नोकरी करणारा तेहतीस वर्षांचा एक तरुण आहे. वाकडला टू बीएचके घेतलाय. लोन ५० लाखांचं, व्याज ८.५ टक्के, मुदत २० वर्षं. ईएमआय बसतो ४३,३९१ रुपये. त्यातले पहिल्या महिन्यात तब्बल ३५,४१७ रुपये व्याजात जातात आणि मुद्दल फिटतं जेमतेम आठ हजार. वीस वर्षांत एकूण व्याज होतं सुमारे ५४ लाख.

पगारवाढीनंतर त्याच्याकडे महिन्याला दहा हजार जास्तीचे उरतात. ते त्याने पहिल्यापासून लोनमध्येच भरले, तर लोन वीसऐवजी साधारण तेरा वर्षांत संपतं आणि व्याजाचे जवळजवळ २२ लाख वाचतात.

ऐकायला झकास! पण हे २२ लाख म्हणजे काही जादू नाही. लोनमध्ये जास्तीचा भरलेला प्रत्येक रुपया तुम्हाला ८.५ टक्के मिळवून देतो, बस्स. तेही नक्की आणि त्यावर टॅक्स नाही. उलट, तीस टक्क्यांच्या स्लॅबमध्ये असलेल्याने ७ टक्क्यांची एफडी केली, तर हातात पाच टक्केसुद्धा पडत नाहीत. म्हणजे लोन चालू असताना जास्तीचे पैसे एफडीत टाकणं हा सरळसरळ तोट्याचा सौदा. अडीअडचणीसाठी ठेवलेली रक्कम तेवढी वेगळी.

"प्रीपेमेंट सुरुवातीलाच करावं, अर्धं लोन झाल्यावर काही उपयोग नाही," असंही कॅन्टीनमध्ये ऐकू येतं. ते चूक आहे. पहिल्या महिन्यात भरलेल्या एका लाखामुळे शेवटचे बारा ईएमआय उडतात, हे खरं. पण त्या लाखाला काम करायला वीस वर्षं मिळालेली असतात. चौदाव्या वर्षी भरलेला लाखही त्याच ८.५ टक्क्यांनी काम करतो, फक्त कमी वर्षं.

पण टॅक्स बेनिफिटचं काय?

ही सगळ्यात आवडती सबब. नव्या टॅक्स पद्धतीत स्वतः राहत असलेल्या घराच्या व्याजावर वजावटच नाही, त्यामुळे तिथे प्रश्न मिटला. जुन्या पद्धतीत वर्षाला २ लाखांपर्यंतच्या व्याजावर वजावट मिळते. आपल्या हीरोचं पहिल्या वर्षीचं व्याज मात्र आहे सव्वाचार लाखांच्या आसपास. म्हणजे दोन लाखांच्या वरच्या व्याजावर तो आधीच काहीही वाचवत नाहीये, आणि प्रीपेमेंट नेमकं तेच वरचं व्याज कमी करतं. बाकी लोन साडेतेवीस लाखांच्या आसपास येईपर्यंत त्याची वजावट जशीच्या तशी राहते. तेव्हा टॅक्ससाठी लोन चालू ठेवण्याचा फंडा निदान पहिली बरीच वर्षं विसरा. जॉइंट लोन असेल तर दोघांनाही स्वतंत्र वजावट मिळू शकते, त्यांनी आपापला हिस्सा धरून हिशेब करावा.

आता खरी मॅच

एसआयपीवाल्यांचा हिशेब बऱ्याचदा इथे गंडतो. ते वीस वर्षांच्या एसआयपीची तुलना वाचलेल्या २२ लाखांशी करतात. ही फेअर मॅच नाही. लोन तेरा वर्षांत संपवणाऱ्याचा पुढची सात वर्षं अख्खा ईएमआय मोकळा असतो. तेव्हा दोघांनाही वीस वर्षं महिन्याला सारखेच ५३,३९१ रुपये खर्चू द्या. एक जण ईएमआय भरून दहा हजारांची इक्विटी फंडात एसआयपी करतो. दुसरा आधी लोन संपवतो आणि मग सगळेच्या सगळे ५३ हजार तशाच फंडात टाकतो.

वीस वर्षांनी सगळे युनिट एकदम विकले आणि १.२५ लाखांवरच्या नफ्यावर १२.५ टक्के टॅक्स भरला असं धरू. हा दर जुलै २०२४ पासूनचा. फंडाने वर्षाला १२ टक्के दिले, तर एसआयपीवाल्याच्या हातात सुमारे ९० लाख आणि लोनवाल्याच्या हातात ६९ लाख. १० टक्के दिले, तर ७० आणि ६४. आणि फंड ७ टक्क्यांवरच अडकला, तर एसआयपीवाला ४९ वर आणि लोनवाला ५८ वर. बरोबरी होते साधारण ९ टक्क्यांना.

म्हणजे प्रश्न "मार्केट बारा टक्के देतं का?" हा नाहीच. प्रश्न आहे, ९ टक्क्यांच्या वर जे मिळेल त्यासाठी वीस वर्षं बिचकायचं नाही, हे तुम्हाला जमेल का? जानेवारी २००८ मध्ये सेन्सेक्स २१ हजारांच्या वर गेला होता, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये दहा हजारांच्या खाली होता. अशा वेळी एसआयपी बंद करणाऱ्याला हा वरचा बारा टक्क्यांचा तक्ता लागू पडत नाही. लोनवाल्याचाही एक वीक पॉइंट आहेच. लोन संपल्यावर मोकळे झालेले ५३ हजार नव्या कारमध्ये गेले, तर त्याचेही ६९ लाख कागदावरच राहणार.

मग करायचं काय?

सगळ्यात आधी सहा महिन्यांचे ईएमआय आणि घरखर्च बाजूला. कारण लोनमध्ये भरलेले पैसे बँक परत देत नाही. नोकरी गेली तर "मी मागच्या वर्षी चार लाख जास्त भरले होते" म्हणून पुढचा ईएमआय चुकवता येत नाही. ही भीती असेल, तर बँकेकडे ओव्हरड्राफ्ट प्रकारचं होम लोन आहे का ते विचारा. त्यात जास्तीचे पैसे ठेवले की तेवढ्यावर व्याज लागत नाही आणि गरज पडली तर काढताही येतात. दर थोडा जास्त असू शकतो. क्रेडिट कार्डाची बाकी किंवा पर्सनल लोन असेल, तर ते होम लोनच्या आधी संपवायचं, यात चर्चाच नको.

त्यानंतर तुमचा स्वतःचा व्याजदर बघा. वरचे आकडे ८.५ टक्क्यांचे आहेत. तुमचं लोन साडेनऊचं असेल तर प्रीपेमेंटचं पारडं जड होतं, साडेसातचं असेल तर एसआयपीचं. पडत्या मार्केटमध्ये पोटात गोळा येतो? मग दहातले सहा-सात हजार लोनला आणि उरलेले एसआयपीला, असा मधला रस्ता बिनधास्त निवडा. दोन्हीकडचा थोडा थोडा फायदा मिळतो आणि एसआयपीची सवयही लागते.

प्रीपेमेंट करताना बँकेला स्पष्ट सांगा: ईएमआय तोच ठेवा, मुदत कमी करा. ईएमआय कमी केला, तर वाचलेले पैसे महिन्याच्या खर्चात कधी विरघळतात ते कळतही नाही. पैसे भरल्यावर नवं शेड्यूल मागून घ्या आणि शेवटच्या हप्त्याची तारीख अलीकडे आलीय का, ते बघा. फ्लोटिंग दराच्या होम लोनवर वैयक्तिक कर्जदाराकडून बँकांनी मुदतपूर्व फेडीचा दंड घ्यायचा नाही, हा रिझर्व्ह बँकेचा नियम २०१२ पासूनचा आहे. तेव्हा काउंटरवर कुणी "चार्जेस लागतील" म्हणालं, तर लेखी मागा.